रोजचीच क्वार्टर, पण वय बहात्तर

खानदेशातल्या अनेक घरांत जे घडतं ते एका माणसाभोवती मांडून हे प्रकरण लिहिलं आहे. माणूस कल्पित आहे. गोळ्या, त्यांची मात्रा, घटनांचा क्रम आणि घरच्यांची बोलणी मात्र अशा प्रकरणांत नेहमी दिसतात तशीच ठेवली आहेत.

अमळनेर तालुक्यातलं एक गाव, मे महिना. आप्पांचं वय 72, उंची पाच फूट पाच इंच, वजन 56 किलो. ऐन उमेदीत ते 62 किलोचे होते. कपाशी आणि ज्वारीची शेती आता मुलगा पाहतो. आप्पांना बारा वर्षांपासून शुगर आणि ब्लड प्रेशर आहे, सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला आहे. प्रोस्टेटमुळे रात्री लघवीला उठावं लागतं, गुडघेही दुखतात. देशी दारू ते पस्तीस-चाळीस वर्षांपासून घेतात. दिवस कलला की क्वार्टर उघडायची, तिच्यासोबत थोडं फरसाण किंवा शेव खायची आणि नऊ-साडेनऊला भाकरीचे दोन घास खाऊन अंगणात खाटेवर पडायचं, असा क्रम. त्यांना कधी कोणी झिंगून पडताना पाहिलेलं नाही, कधी भांडण नाही, शिवीगाळ नाही. घरात कोणालाच ही दारू म्हणजे अडचण वाटत नव्हती, डॉक्टरांनी कधी विचारलं नव्हतं आणि कोणी आपणहून सांगितलंही नव्हतं.

त्या रात्री सव्वादोनच्या सुमारास ते लघवीला उठले आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी कोसळले. आवाजाने सून जागी झाली. आप्पा घामाने चिंब होते, जीभ जड झाली होती, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भलतंच येत होतं. तोंडाला दारूचा वास होताच. आजी म्हणाल्या, "आज जरा जास्तच व्हई गई त्यासले." मुलाने त्यांना उचलून खाटेवर ठेवलं, अंगावर पाणी मारलं आणि सकाळपर्यंत उतरेल म्हणून सगळे झोपायला निघाले. सुनेने पाहिलं की उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलंय. तिने हट्ट धरला म्हणून 108 ला फोन गेला.

आप्पा त्या दिवशी जास्त प्यायले नव्हते. बाटली खाटेखाली होती, नेहमीचीच, 180 मिलीची एक. हे प्रकरण समजून घ्यायचं ते याच कारणासाठी. मात्रा बदलली नव्हती, तिच्या आजूबाजूचं बाकी सगळं बदललं होतं.

एका क्वार्टरचा हिशेब

लेबलवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 180 मिलीच्या 42.8 टक्के म्हणजे 77 मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याचं वजन भरतं जवळपास 61 ग्रॅम. हे अल्कोहोल चरबीत फारसं शिरत नाही, शरीरातल्या पाण्यात पसरतं. वय वाढतं तसे स्नायू घटतात आणि त्यांच्यासोबत शरीरातलं पाणीही घटतं. वय, उंची आणि वजनावरून पाण्याचा अंदाज काढण्याचं जे सूत्र वापरतात, त्याप्रमाणे पस्तिशीतल्या 62 किलोच्या आप्पांच्या अंगात साडेसदतीस लिटर पाणी असणार आणि आजच्या 56 किलोच्या आप्पांच्या अंगात 32 लिटर. तेच 61 ग्रॅम कमी पाण्यात विरघळले की रक्तातलं प्रमाण चढतं. तेव्हा ते 100 मिली रक्तात 130 मिलिग्रॅमपर्यंत जायचं, आता 150 च्या आसपास जातं.

मग ते उतरतं किती वेगाने? यकृत साधारण तासाला 15 मिलिग्रॅम या चालीने ते कमी करतं. ही चाल माणसागणिक 10 ते 20 च्या दरम्यान असते आणि रोज पिणाऱ्यांमध्ये थोडी जास्त असते. वयानुसार यकृताचा आकार आणि त्यातून वाहणारं रक्त कमी होतं, तरी चाल फार मंदावत नाही. उतरायला उशीर होतो तो मुख्यतः चढाई उंच असते म्हणून. साडेसातला पहिला घोट घेतला असं धरलं, तर सव्वादोनला म्हणजे पावणेसात तासांनी तरुण आप्पांच्या रक्तात 30 च्या आत उरलं असतं. म्हाताऱ्या आप्पांच्या रक्तात त्याच वेळी 50 च्या आसपास होतं. गाडी चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा 30 आहे. म्हणजे शांत झोपून उठलेला माणूस मध्यरात्रीनंतरही त्या मर्यादेच्या वर होता, आणि त्याला किंवा घरच्यांना तसं काही वाटत नव्हतं. पूर्ण उतरायला पहाटेचे साडेपाच वाजले असते.

हे आकडे अंदाजाचे आहेत आणि फक्त लेबल असलेल्या बाटलीला लागू पडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा, धडगाव, चोपड्याकडे घरची मोहाची किंवा हातभट्टीची दारू असते. तिची तीव्रता भट्टीगणिक बदलते, त्यामुळे ग्लास मोजून काही कळत नाही.

पण 130 चे 150 झाले म्हणून कोणी कंबरडं मोडून घेत नाही. या वयात तोल सांभाळणारी यंत्रणाच कमकुवत झालेली असते. डोळे मंद असतात, शुगरमुळे तळपायाची जाणीव कमी झालेली असते, पाय घसरला की तो सावरायला जे क्षण लागतात ते लांबलेले असतात. त्यामुळे तरुणाला 50 मिलिग्रॅम जाणवणारही नाही आणि बहात्तरीत तेवढ्यावर उंबरा चुकतो. यावर आणखी पाच गोळ्यांचा भार होता.

डब्यात काय होतं

धुळ्याच्या रुग्णालयात पोचल्यावर सुनेने गोळ्यांचा डबा पुढे ठेवला. तिने तो सोबत घेतला होता ही मोठी गोष्ट. गोळ्यांची नावं आठवून सांगण्यापेक्षा डबा आणि रिकामी पाकिटं दोन्ही आणावीत, कारण मेडिकलवाल्याकडून सुटी घेतलेली गोळी कागदावर कुठेच नसते.

सकाळी बीपीची गोळी होती, टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 अशी जोडगोळी. शुगरसाठी ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500 ची जोडगोळी, सकाळ-संध्याकाळ. दुपारी ॲस्पिरिन 75. रात्री लघवीसाठी टॅमसुलोसिन 0.4. आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम 0.5, जी तीन वर्षांपूर्वी एकदा पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती आणि त्याच जुन्या चिठ्ठीवर आजवर चालू होती. याशिवाय गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, दुखेल तेव्हा.

तपासणीत रक्तातली साखर 46 निघाली. 70 च्या खाली म्हणजे कमी, 54 च्या खाली म्हणजे धोक्याची. घाम, जड जीभ, असंबद्ध बोलणं हे सगळं त्या 46 चं होतं. घरच्यांनी ते दारूच्या खात्यावर टाकलं. साखर उतरणं आणि दारू चढणं बाहेरून इतकं सारखं दिसतं की अनुभवी डॉक्टरही नुसत्या बघण्यावर विश्वास ठेवत नाहीत. शुगर असलेला माणूस पिऊन बडबडतोय असं वाटलं, तर पहिलं काम बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर आकडा पाहणं. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

साखर इतकी उतरली कशी? ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. एरवी साखर घसरू लागली की यकृत आपल्या साठ्यातून काढून देतं आणि साठा संपला तर नवीन तयार करतं. आप्पांचं रात्रीचं जेवण दोन घासांचं, त्यामुळे साठा तोकडा. आणि नवीन साखर तयार करण्याचं काम थांबलेलं, कारण यकृत अल्कोहोल जाळण्यात गुंतलेलं असताना ते काम जवळपास बंद पडतं. म्हणूनच ही घसरण पिताना येत नाही, सहा ते बारा तासांनी येते, माणूस झोपलेला असताना. आप्पांचं क्रिएटिनिन 1.6 होतं, म्हणजे मूत्रपिंडं निम्म्याहून कमी क्षमतेने चालत होती. त्यामुळे ग्लिमेपिराइडचे अंश शरीरात रेंगाळत होते.

शिरेतून 25 टक्के ग्लुकोजची 100 मिलीची बाटली दिली, त्यासोबतच थायमिनचं इंजेक्शन. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन कमी असतं आणि त्याच्याशिवाय नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून ते आधी किंवा सोबत देतात. पण थायमिन हाताशी नाही म्हणून ग्लुकोज अडवून ठेवायचं नसतं. वीस मिनिटांत आप्पा नीट बोलू लागले. इथे घरचे म्हणाले, आता बरे आहेत. पण ग्लिमेपिराइडचा अंमल चोवीस तास आणि कधी त्याहूनही जास्त टिकतो. सहा तासांनी साखर पुन्हा 58 वर आली. या गोळीमुळे साखर उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला चहा-बिस्कीट देऊन घरी पाठवायचं नसतं ते याचसाठी. दिवसभर ग्लुकोजची सलाइन चालू ठेवून दर दोन तासांनी साखर तपासावी लागली.

सोडियमही 128 आलं. ते किमान 135 हवं. जोडगोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे सोडियम काढतं. मेच्या उन्हात घाम चाललेला, जेवण तुटपुंजं, वर दारू. सोडियम इतकं उतरलं की चाल अडखळते, डोकं जड होतं, आणि तेही पुन्हा वयाच्या नाहीतर दारूच्या नावावर जातं.

मध्यरात्री उठण्याची साखळी

पडण्याची ती वेळ योगायोगाने आलेली नव्हती. दारूने झोप लवकर लागते खरी, पण अल्कोहोल उतरू लागलं की रात्रीच्या दुसऱ्या निम्म्यात झोप तुटत राहते. आप्पांची तक्रार नेमकी हीच होती, "दोन वाजेनंतर डोळा लागत नाही." त्या तक्रारीवर अल्प्राझोलाम आली. दारूमुळे बिघडलेल्या झोपेवर गोळी, आणि ती गोळी दारूसोबत. हे चक्र खेडोपाडी इतकं सर्रास दिसतं की झोप न लागण्याची तक्रार करणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ माणसाला आधी संध्याकाळी काय घेता हे विचारायलाच हवं.

अल्प्राझोलाम आणि अल्कोहोल मेंदूतला एकच ब्रेक दाबतात. दोघांचा परिणाम नुसता जोडला जात नाही, एकमेकांना वाढवतो. तरुणाच्या रक्तातून ही गोळी निम्मी व्हायला सरासरी 11 तास लागतात, ज्येष्ठांमध्ये 16. रोज रात्री घेतली तर आदल्या रात्रीचा बराच भाग उरलेला असताना नवीन गोळी पडते. अनुसूची एच-1 मधली ही गोळी दर वेळी नव्या चिठ्ठीवरच मिळायला हवी. तीन वर्षं जुन्या चिठ्ठीवर ती मिळत राहिली, हे या प्रकरणातलं सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग लघवी. अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबून टाकतं, त्यामुळे प्रोस्टेट असो वा नसो, रात्री उठावं लागतं. टॅमसुलोसिन प्रोस्टेटपाशीचे स्नायू सैल करतं, पण थोड्या प्रमाणात रक्तवाहिन्याही सैल करतं. अल्कोहोलही तेच करतं, टेल्मिसार्टनही. उभं राहिल्यावर रक्त पायांत साचतं, तेव्हा वाहिन्यांनी आवळून ते वर ढकलायचं असतं. त्या रात्री तिघांनी मिळून वाहिन्या सैल ठेवल्या होत्या, पाणीही कमी होतं. पुरुषांना उभ्याने लघवी करताना दाब आणखी थोडा पडतो, तो वेगळाच.

हाड मोडलेल्या माणसाला उभं करून बीपी बघता येत नाही. ते तीन आठवड्यांनी, वॉकरवर उभे राहू लागल्यावर तपासलं, आणि तेव्हा बीपीच्या गोळ्या आधीच कमी झालेल्या होत्या. पाच मिनिटं आडवं ठेवून 142/80, उभं राहिल्यावर एका मिनिटाने 118/72. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने पडला की तो दोष धरतात. दारू नसताना, कमी गोळ्यांवर ही अवस्था होती. ही तपासणी एका बीपी मशीनवर घरी किंवा उपकेंद्रात होते, फक्त आडवं आणि उभं असं दोनदा मोजायचं असतं. बसवून एकदा मोजलेल्या बीपीत हा दोष दिसतच नाही.

ॲस्पिरिनचा प्रश्न डोक्याचा होता. आप्पांच्या कपाळाला बारीक टेंगूळ होतं. वयाने मेंदू आक्रसतो, कवटीच्या आत जागा वाढते आणि मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. किरकोळ धक्क्याने त्या फाटतात. अनेक वर्षं पिणाऱ्यांमध्ये मेंदू अधिक आक्रसलेला असतो आणि ॲस्पिरिनमुळे रक्त उशिरा गोठतं. म्हणून 65 च्या पुढचा, प्यायलेला, रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरचा माणूस डोक्यावर पडला तर सीटी स्कॅन करायचाच. आप्पांचा सीटी साफ निघाला. तरी घरच्यांना एक कागद लिहून दिला: पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत डोकेदुखी वाढत गेली, सतत झोप येऊ लागली, एक हात-पाय जड वाटू लागला किंवा वागणं बदललं, तर पुन्हा सीटी. हा रक्तस्राव हळूहळू साचतो, आणि तोवर त्या रात्रीचं पडणं सगळे विसरलेले असतात.

तिसरी रात्र

एक्स-रेमध्ये उजव्या मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसली. असं हाड शक्यतो 48 तासांच्या आत दुरुस्त करावं, अंथरुणावर जितके दिवस जातात तितका न्यूमोनिया आणि पायातल्या गुठळ्यांचा धोका वाढतो. साखर आणि सोडियम सावरून दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली.

भरती करताना दारूबद्दल विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, "थोडीशीच लेतस, जेवणना पहिले." कागदावर लिहिलं गेलं, अधूनमधून थोडी. क्वार्टरचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नव्हता. तो पुढे मांडला, तिसऱ्या रात्रीनंतर.

शेवटच्या घोटानंतर सुमारे 50 तासांनी आप्पांचे हात कापू लागले. घाम, नाडी 118, बीपी 176/100. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून ते चादर झटकत होते, सलाइनची सुई उपटली, बैलांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणून खाटेवरून उतरू पाहत होते. वॉर्डात दोन स्पष्टीकरणं लगेच तयार होती: वय झालंय आणि भूल मानवली नाही. दोन्ही या वयात खरी असू शकतात. पण वयाने किंवा भुलेने येणाऱ्या गोंधळात इतका घाम, इतका कंप आणि इतकी धावती नाडी सहसा नसते. तिसऱ्या दिवशी हे तीन एकत्र दिसले की दारू तुटल्याचं आधी धरून चालावं, सोबत जंतुसंसर्ग, साखर आणि सोडियमही पुन्हा तपासावं.

सुनेला बाहेर बोलावून प्रश्न बदलून विचारला: "एक क्वार्टर किती दिवस पुरते?" ती म्हणाली, "पुरते कुठे? रोज एक येते." थोडी म्हणजे किती, या प्रश्नाला घरात प्रामाणिक उत्तर मिळत नाही, कारण घरच्यांच्या मते ती खरंच थोडीच असते. किती दिवस पुरते, कोण आणून देतं, आठवड्याला किती पैसे जातात, या प्रश्नांना मिळतं. आणि ते एकट्या सुनेला किंवा नातवाला विचारावं, सगळ्यांसमोर नव्हे.

रोजच्या दारूने दबलेला मेंदू ती अचानक बंद झाल्यावर उसळतो. पहिल्या 6 ते 24 तासांत कंप आणि बेचैनी, 12 ते 48 तासांत फिट येण्याचा धोका, 48 ते 96 तासांत भ्रम आणि तुफान. आप्पांची अल्प्राझोलामही त्याच दिवशी तुटली होती, म्हणजे त्याच ब्रेकवरचे दोन्ही पाय एकदम निघाले. उपचार न झाले तर या अवस्थेत जीव जातो, आणि स्टेंट असलेल्या हृदयाला 118 ची नाडी परवडत नाही.

लोराझेपाम 1 मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रा, लक्षणं मोजून, परत परत दिल्या. तरुणांना दारू सोडवताना क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, पण त्यांचे अंश म्हाताऱ्या शरीरात दिवसेंदिवस साचतात आणि माणूस गुंगीत जातो. लोराझेपाम यकृत सोप्या मार्गाने हातावेगळं करतं, म्हणून ज्येष्ठांमध्ये तेच बरं. एकटं हॅलोपेरिडॉल देऊन शांत करण्याची सवय इथे घातक ठरते, कारण त्याने फिट येणं सोपं होतं. थायमिन रोज शिरेतून चालू ठेवलं. हात बांधले नाहीत, बांधल्याने झटापट वाढते आणि नवा सांधा निखळतो. सून आणि मुलगा आळीपाळीने उशाशी बसले, दिवा चालू ठेवला, चष्मा घातला, कुठल्या गावी आहात आणि काय झालं ते दर तासाला सांगितलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी चहा मागितला आणि नातवाला नावाने ओळखलं.

डबा पुन्हा भरताना

घरी सोडण्याआधी प्रत्येक गोळीला एकच प्रश्न लावला: ही नसती तर काय बिघडलं असतं?

ग्लिमेपिराइड बंद झालं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए1सी 6.4 होतं, म्हणजे शुगर गरजेपेक्षा जास्त आवळून धरली होती. या वयात, एवढे आजार असताना 8 च्या आत असली तरी चालते. मेटफॉर्मिन एकटं, कमी मात्रेत ठेवलं, मूत्रपिंड पाहत राहण्याच्या अटीवर. दारू पुन्हा सुरू झाली तर मूत्रपिंड मंद असलेल्या माणसात मेटफॉर्मिननेही रक्तात आम्ल साचू शकतं, हे मुलाला सांगून ठेवलं. हायड्रोक्लोरोथायझाइड काढून नुसतं टेल्मिसार्टन ठेवलं. ॲस्पिरिन स्टेंटसाठी आवश्यक म्हणून राहिलं. टॅमसुलोसिनही राहिलं, कारण लघवी तुंबली तर दुसरं संकट, पण ते झोपताना न घेता रात्रीच्या पूर्ण जेवणानंतर घ्यायचं ठरलं. डायक्लोफेनॅक बंद: ॲस्पिरिन, दारू आणि डायक्लोफेनॅक मिळून पोटात रक्तस्राव करतात, शिवाय मूत्रपिंडं आणखी खालावतात. त्याऐवजी पॅरासिटामोल 500, दिवसाला जास्तीत जास्त तीन गोळ्या. नेहमी पिणाऱ्याने 2 ग्रॅमच्या वर जाऊ नये.

अल्प्राझोलाम एका दिवसात तोडता येत नाही, तोडल्यास तिसरी रात्र पुन्हा येते. मात्रा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायचं ठरलं, आणि पाकीट मुलाच्या कपाटात.

दारूबद्दल आप्पांना विचारलं. ते म्हणाले, आता पाच दिवस झालेच आहेत, तर राहू द्या. रुग्णालयात उतरवणी झाल्यावरची ही वेळ थांबायला सगळ्यात सोयीची असते, कारण धोक्याचे दिवस देखरेखीखाली निघून गेलेले असतात. उलट, असा माणूस घरी असताना घरच्यांनी एका रात्रीत बाटली फेकून देणं धोक्याचं. रोजची क्वार्टर घरी बंद करायची असेल तर आधी डॉक्टरांना भेटून, मात्रा हळूहळू उतरवत किंवा औषधाच्या आधाराने.

मुलाने हळूच विचारलं की बाजारात मिळते ती दारू सोडवण्याची पावडर भाजीत टाकली तर? याचं उत्तर ठाम नाही असंच आहे. त्या पावडरीत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, नाडी धावते, बीपी कोसळतं. तरुणाला त्याचा त्रास होतो, स्टेंट असलेल्या बहात्तरीच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आणि त्याला माहीतच नसेल तर तो पिणार हे नक्की.

घरात थोडे बदल झाले. उंबऱ्यालगत उतार बसवला, खाट मागच्या दाराजवळ आणली, रात्रभर एक छोटा दिवा. खाटेपाशी लघवीचं भांडं, म्हणजे रात्री चालावंच लागत नाही. उठताना आधी खाटेवर पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं आणि मग उभं राहायचं.

सहा आठवड्यांनी आप्पा काठी घेऊन ओट्यापर्यंत येत होते. सोडियम 137, एचबीए1सी अजून तपासायचं होतं, कारण त्यातला पूर्ण बदल दिसायला तीन महिने लागतात. आडवं-उभं बीपीतला फरक 12 वर आला होता. झोप पहिले पंधरा दिवस तुटक होती, नंतर पहाटे चारपर्यंत सलग लागू लागली. मधे एका लग्नात त्यांनी दोन घोट घेतल्याचं मुलाने सांगितलं. त्या रात्रीपुरतं काय करायचं हे सुनेने आधीच विचारून ठेवलं होतं: अर्धी अल्प्राझोलाम त्या रात्री द्यायची नाही, पोटभर जेवण झालंच पाहिजे, झोपण्याआधी आणि दोन वाजता साखर तपासायची, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरी मात्रा सांगायची. दोन्ही वेळची साखर 110 च्या वर होती.